दोन्ही मुळे धन केव्हा?

वर्गसमीकरणाच्या मुळांची बेरीज आणि गुणाकार सांगणारी दोन सूत्रे शाळेतच शिकवली जातात. ax² + bx + c = ० या समीकरणाची मुळे α आणि β असतील, तर α + β = −b/a आणि αβ = c/a. ही सूत्रे हाती आली की एक प्रश्न ओघानेच येतो: समीकरण न सोडवता, नुसत्या सहगुणकांकडे पाहून, दोन्ही मुळे धन आहेत की नाहीत हे सांगता येईल का? उत्तरही लगेच सुचते. दोन धन संख्यांची बेरीज धन असते आणि गुणाकारही धन असतो, तेव्हा −b/a > ० आणि c/a > ० एवढे तपासले की काम झाले. आता x² − २x + ५ = ० हे समीकरण घ्या. बेरीज २, गुणाकार ५, दोन्ही धन. पण x² − २x + ५ म्हणजे (x − १)² + ४, आणि x ची कोणतीही वास्तव किंमत घातली तरी ही राशी ४ च्या खाली येत नाही. या समीकरणाला धन मूळ नाही आणि ऋण मूळही नाही, कारण त्याला वास्तव मूळच नाही. म्हणून b² − ४ac ≥ ० ही विवेचकाची अट तिसरी म्हणून सांगितली जाते. ती बहुतेक वेळा शेवटी, जाता जाता, खबरदारीचा उपाय म्हणून येते. माझे म्हणणे असे की तिची जागा सुरुवातीला आहे. विवेचकाने परवानगी दिल्याशिवाय बेरीज आणि गुणाकार यांच्या चिन्हांवरून मुळांबद्दल काढलेला निष्कर्ष उभाच राहत नाही.

तो का उभा राहत नाही, हे तर्काची एकेक पायरी पाहिली की कळते. पहिली पायरी अशी: गुणाकार धन आहे, म्हणून दोन्ही मुळांचे चिन्ह सारखे आहे. दुसरी पायरी: चिन्ह सारखे आहे आणि बेरीज धन आहे, म्हणून ते चिन्ह धन आहे, कारण दोन ऋण संख्यांची बेरीज धन होऊ शकत नाही. या दोन पायऱ्यांत कामाची वाटणी स्पष्ट आहे. गुणाकार फक्त ‘सारखे की वेगळे’ एवढेच सांगतो आणि सारखे असेल तर कोणते, ते बेरीज सांगते. पण ‘चिन्ह’ ही गोष्ट वास्तव संख्यांनाच असते. मुळे वास्तव नसतील आणि सहगुणक वास्तव असतील, तर मुळे p + qi आणि p − qi अशा जोडीनेच येतात. त्यांचा गुणाकार p² + q² होतो, आणि q शून्य नसल्यामुळे तो नेहमीच धन असतो. म्हणजे वास्तव नसलेली प्रत्येक जोडी गुणाकाराच्या परीक्षेत आपोआप उत्तीर्ण होते. जिला अडवायचे तिलाच ही परीक्षा कधी अडवू शकत नाही. बेरीज २p येते, तेव्हा तीही फक्त p बद्दल बोलते, q बद्दल काहीच सांगत नाही. वास्तव नसलेली मुळे वगळण्याचे काम या दोघींपैकी कोणाच्याही आवाक्यात नाही, आणि म्हणून ते विवेचकालाच करावे लागते.

उरलेल्या दोन अटीही तितक्याच आवश्यक आहेत. गुणाकाराची अट सोडली तर x² − २x − ३ = ० हे समीकरण आत शिरते: बेरीज २, विवेचक १६, पण मुळे ३ आणि −१. बेरजेची अट सोडली तर x² + ५x + ६ = ० शिरते: गुणाकार ६, विवेचक १, मुळे −२ आणि −३. तिन्ही अटींना वेगवेगळे काम आहे, आणि एकीचे काम दुसरी करत नाही.

इथे एक विचारी वाचक हरकत घेईल, आणि ती ऐकण्यासारखी आहे. α आणि β धन असतील तर (α − β)² ≥ ० या साध्या गोष्टीवरून (α + β)² ≥ ४αβ मिळते. यात −b/a आणि c/a घातले की b² ≥ ४ac होते. विवेचकाची अट बेरीज आणि गुणाकार यांतूनच निघाली, मग ती वेगळी कशाला मांडायची? या हरकतीतले गणित अचूक आहे, पण त्याची दिशा उलटी आहे. सुरुवातच ‘α आणि β धन असतील तर’ अशी केली आहे, म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले आहे. शिवाय (α − β)² ≥ ० हे α आणि β वास्तव असतील तरच खरे. x² − २x + ५ = ० मध्ये मुळांचा फरक ४i आहे आणि त्याचा वर्ग −१६ येतो. मात्र या हरकतीतून एक चांगली गोष्ट हाती लागते. a = १ असताना विवेचक म्हणजे मुळांमधल्या फरकाचा वर्गच असतो. बेरीज आणि गुणाकार देणाऱ्याने हा फरकही ठरवून टाकलेला असतो, आणि त्या फरकाचा वर्ग ऋण निघाला तर दिलेली बेरीज आणि दिलेला गुणाकार वास्तव संख्यांच्या कोणत्याही जोडीत एकत्र नांदू शकत नाहीत. बेरीज २ ठेवून गुणाकार ५ करणारी वास्तव जोडी नाही, कारण बेरीज २ असताना गुणाकार जास्तीत जास्त १ होतो, दोन्ही संख्या १ असताना.

ही गोष्ट ऋण संख्या न वापरणाऱ्यांनाही फार पूर्वीपासून माहीत होती. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने आपल्या बीजगणितात समीकरणांचे प्रकार पाडले, तेव्हा ऋण सहगुणक न वापरता सगळी पदे धन राहतील अशी ती दोन बाजूंना मांडली. वर्ग, x चे पद आणि संख्या अशी तिन्ही पदे असलेले त्याचे प्रकार तीनच आहेत: x² + px = q, x² = px + q आणि x² + q = px, यात p आणि q धन. पहिल्या दोन प्रकारांत तो एकच मूळ देतो, तिसऱ्यात दोन. आजच्या भाषेत पहिल्या दोघांत मुळांचा गुणाकार −q आहे, म्हणजे एक मूळ धन आणि एक ऋण, आणि ऋण मूळ तो जमेस धरतच नव्हता. तिसऱ्यात गुणाकार q आणि बेरीज p, दोन्ही धन. त्याचे उदाहरण x² + २१ = १०x हे आहे. १० चे अर्धे ५, त्याचा वर्ग २५, त्यातून २१ वजा केले की ४ उरतात, त्याचे वर्गमूळ २; म्हणून मुळे ५ − २ = ३ आणि ५ + २ = ७. आणि याच प्रकारापाशी तो इशारा देतो की अर्ध्याचा वर्ग दिलेल्या संख्येपेक्षा लहान असेल तर प्रश्नाला उत्तर नाही, आणि बरोबर असेल तर मूळ म्हणजे ते अर्धेच. पहिल्या दोन प्रकारांत त्याला असा इशारा द्यावा लागला नाही, कारण तिथे ac ऋण असल्यामुळे b² − ४ac आपोआप धन असतो. विवेचकाची तपासणी नेमकी तिथेच लागते जिथे दोन्ही मुळे धन असण्याची शक्यता आहे. x² + px + q = ० हा चौथा प्रकार त्याच्या यादीत नाही. धन संख्यांची बेरीज शून्य होत नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने तो प्रश्नच नव्हता. आपण म्हणू, दोन्ही मुळे वास्तव असतील तर ती ऋण आहेत.

आता सहगुणकांना कोणतेही चिन्ह असू द्या. −b/a > ० याचा अर्थ a आणि b यांची चिन्हे विरुद्ध, c/a > ० याचा अर्थ a आणि c यांची चिन्हे सारखी. म्हणजे सहगुणकांची चिन्हे ओळीने +, −, + किंवा −, +, − अशी हवीत. देकार्तने १६३७ साली मांडलेला चिन्हबदलांचा नियमही हेच सांगतो: चिन्ह दोनदा बदलले तर धन मुळे दोन किंवा शून्य. त्या ‘किंवा’चा निकाल विवेचक लावतो. a ठरलेली संख्या असेल तोवर हे सगळे सरळ आहे. खरी चूक होते ती a मध्येच अज्ञात असताना, म्हणून तसेच एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

(m − २)x² − २mx + (m + ३) = ० या समीकरणाची दोन्ही मुळे धन असण्यासाठी m च्या कोणत्या किमती चालतील? पहिली गोष्ट, m = २ चालणार नाही, कारण मग वर्गपदच जाते आणि −४x + ५ = ० हे एकघाती समीकरण उरते. आता विवेचक. b मध्ये २ असल्यामुळे विवेचकाचा चौथा हिस्सा घेणे सोयीचे: m² − (m − २)(m + ३) = m² − (m² + m − ६) = ६ − m. तो ऋण नको, म्हणून m ≤ ६. गुणाकाराची अट (m + ३)/(m − २) > ०. इथे घाईने दोन्ही बाजूंना m − २ ने गुणून m + ३ > ० लिहिण्याचा मोह होतो, आणि तिथेच उत्तर बिघडते, कारण m − २ धन आहे की ऋण हे अजून ठरलेले नाही. त्याऐवजी (m − २)² ने गुणावे. तो नेहमी धन असतो. मग (m + ३)(m − २) > ० मिळते, म्हणजे m < −३ किंवा m > २. बेरजेची अट २m/(m − २) > ०. त्याच रीतीने m(m − २) > ०, म्हणजे m < ० किंवा m > २. तिन्ही अटींचा सामाईक भाग घेतला की उत्तर येते: m < −३ किंवा २ < m ≤ ६. पडताळा पाहा. m = ३ घेतले तर x² − ६x + ६ = ०, मुळे ३ ± √३, म्हणजे सुमारे ४.७३ आणि १.२७. m = −४ घेतले तर −६x² + ८x − १ = ०, मुळे सुमारे १.१९ आणि ०.१४. घाईने m + ३ > ० आणि २m > ० लिहिणाऱ्याच्या हातून −४ सकट त्या बाजूच्या सगळ्या किमती निसटतात, आणि m = १ सारखी चुकीची किंमत आत येते. m = १ असताना समीकरण −x² − २x + ४ = ० होते, त्यातला मुळांचा गुणाकार −४ आहे. m = ६ असताना ४x² − १२x + ९ = ०, म्हणजे (२x − ३)² = ०; दोन्ही मुळे १.५. ‘दोन भिन्न धन मुळे’ असे विचारले असेल तर ६ वगळावे लागेल. नुसते ‘दोन्ही मुळे धन’ असेल तर ते राहते, कारण मुळे समान असली तरी ती दोन मोजली जातात.

या उत्तराच्या सीमा पाहण्यासारख्या आहेत: −३, २ आणि ६. m वाढत वाढत −३ ला पोचला की c शून्य होतो आणि −५x² + ६x = ० या समीकरणाचे एक मूळ शून्यावर येते. पुढे गेल्यावर ते ऋण होते. m = २ ला a शून्य होतो. m = १.९९ असताना मुळे सुमारे −३९९ आणि १.२५ आहेत, m = २.०१ असताना सुमारे ४०१ आणि १.२५. एक मूळ जवळजवळ जागचे हलत नाही, दुसरे मात्र ऋण बाजूच्या अनंताकडे जाऊन धन बाजूच्या अनंताकडून परत येते. म्हणजे मुळाचे चिन्ह शून्यातून जातानाच बदलते असे नाही. m = ६ ला दोन्ही मुळे एकत्र येतात आणि त्यापुढे वास्तव राहत नाहीत. या तीन सीमांना a, c आणि विवेचक जबाबदार आहेत. b ज्या ठिकाणी शून्य होतो ते m = ० मात्र सीमा म्हणून कुठेच आलेले नाही, आणि हा या एका समीकरणापुरता योगायोग नाही. विवेचक ऋण नाही आणि ac धन आहे, तर b² ≥ ४ac > ०; अशा ठिकाणी b शून्य होऊच शकत नाही. बेरजेची अट नवी सीमा आखत नाही. विवेचक आणि गुणाकार यांनी पाडलेले तुकडे ती उचलते किंवा टाकते. वरच्या उदाहरणात तिने एकही तुकडा टाकला नाही. x² − २(k − १)x + (k + ५) = ० या समीकरणात मात्र विवेचक आणि गुणाकार यांच्यानंतर −५ < k ≤ −१ आणि k ≥ ४ असे दोन तुकडे उरतात, आणि बेरीज त्यातला पहिला टाकून देते, कारण तिथे दोन्ही मुळे ऋण आहेत. बेरीज प्रत्येक तुकड्यात एकाच ठिकाणी तपासली तरी भागते, ते यामुळेच.

एवढ्या अटी मांडण्यापेक्षा सूत्राने मुळेच का काढू नयेत, असे कोणी विचारेल. काढून पाहू: x = (m ± √(६ − m))/(m − २). m < २ असताना छेद ऋण, म्हणून दोन्ही अंश ऋण हवेत. त्यातला मोठा अंश ऋण होण्यासाठी √(६ − m) < −m. डावी बाजू ऋण नाही, म्हणून −m धन असलेच पाहिजे हे आधी नोंदवायचे, मग वर्ग करायचा: ६ − m < m², म्हणजे (m + ३)(m − २) > ०. फिरून आलो ते गुणाकाराच्या अटीवरच, फक्त वाटेत वर्गमुळाची असमानता आणि छेदाचे दोन प्रसंग वेगळे हाताळावे लागले. बेरीज आणि गुणाकार यांत ± हे चिन्ह उरत नाही. दोन्ही मुळे त्यांत सारख्याच हक्काने येतात, आणि म्हणून वर्गमूळ टळते. सहगुणक ठरलेल्या संख्या असतील तर सूत्र वापरण्यात काहीच गैर नाही, पण त्यात चल असेल तर ही वाट जवळची आहे.

विवेचक वगळून उरलेल्या दोन अटींनाही स्वतःचा अर्थ आहे, हे सांगितले पाहिजे. त्या दोन्ही खऱ्या असतील तर मुळे वास्तव असोत वा नसोत, त्यांचा वास्तव भाग धन असतो. काही शाखांमध्ये विचारायचे असते तेही एवढेच. स्प्रिंगला टांगलेले वजन घर्षणामुळे हळूहळू थांबेल का, या प्रश्नात ms² + cs + k = ० या समीकरणाच्या मुळांचा वास्तव भाग ऋण असावा लागतो, आणि m, c, k तिन्ही धन असले की तो असतो. वजन झुलत झुलत थांबेल की न झुलता, हे मात्र विवेचक ठरवतो. म्हणून कोणत्या अटी लावायच्या, हे प्रश्न काय आहे यावर अवलंबून आहे.

आणि प्रश्न नीट पाहिला नाही तर दोन्ही मुळे धन असूनही एक टाकावे लागते. भास्कराचार्यांच्या बीजगणितात माकडांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या एक पंचमांशातून तीन वजा करून जे येईल त्याचा वर्ग, एवढी माकडे गुहेत गेली आणि एक बाहेर दिसते आहे. तर एकूण किती? समीकरण (x/५ − ३)² + १ = x, म्हणजे x² − ५५x + २५० = ०. बेरीज ५५, गुणाकार २५०, विवेचक २०२५ म्हणजे ४५ चा वर्ग. तिन्ही अटी पाळल्या जातात आणि मुळे ५० व ५ येतात. भास्कराचार्य ५ हे उत्तर स्वीकारत नाहीत, कारण ५ चा पंचमांश १, आणि त्यातून तीन वजा केले की राशी ऋण होते. म्हणजे इथे खरी अट x > ० नाही, तर x/५ ≥ ३, म्हणजे x ≥ १५ ही आहे. मग दोन्ही मुळे १५ पेक्षा मोठी आहेत का, हे बेरीज आणि गुणाकार यांवरून कसे ओळखायचे? दोन संख्या १५ पेक्षा मोठ्या तर बेरीज ३० पेक्षा मोठी आणि गुणाकार २२५ पेक्षा मोठा, असे म्हणून पाहा: ५५ > ३० आणि २५० > २२५, दोन्ही खरे. तरी ५ हे मूळ १५ पेक्षा लहान आहे. बेरीज आणि गुणाकार यांची परीक्षा चिन्हांवर चालते, आणि चिन्ह हे शून्याच्या संदर्भातच असते. १५ च्या अलीकडे-पलीकडे असण्याला चिन्ह नाही. म्हणून १५ लाच शून्य करावे लागते. x = y + १५ घातले की समीकरण y² − २५y − ३५० = ० होते. गुणाकार −३५०, ऋण. y ची एक किंमत धन, एक ऋण. म्हणजे x चे एक मूळ १५ च्या वर आणि एक खाली. हा −३५० म्हणजे मूळच्या राशीत x = १५ घातल्यावर येणारी किंमतच: २२५ − ८२५ + २५०. कोणत्याही k साठी असेच चालते. दोन्ही मुळे k पेक्षा मोठी असण्यासाठी विवेचक ऋण नसावा, ak² + bk + c या किमतीचे चिन्ह a सारखे असावे, आणि −b/a ही बेरीज २k पेक्षा मोठी असावी; k = ० ठेवले की आपण जिथून निघालो त्याच तीन अटी उरतात.